चोवीसची पट्टी

"बाबा, हे मूल वजा तीन वर्षांचं आलंय," मुंगी म्हणाली. "असं मूल कुठे मिळतं?"

बाबांनी वही आपल्याकडे ओढली. गणित साधं होतं, निदान मुंगीच्या मते साधं. आईचं वय मुलाच्या वयाच्या पाचपट आहे. सहा वर्षांनी ते तिप्पट होईल. आजची वयं काढा. बाबांनी मुलाचं वय क्ष धरलं होतं आणि आईचं पाच क्ष. इथपर्यंत ठीक होतं. खाली त्यांनी लिहिलं होतं: पाच क्ष अधिक सहा बरोबर तीन क्ष.

"सहा वर्षं झाली ना? मग आईला सहा वर्षं दिली मी," बाबा म्हणाले.

"आणि मुलाला?"

बाबांनी पेन्सिल तीन क्षवर टेकवली.

"म्हणजे सहा वर्षांत आईचे केस पिकायला लागले आणि मूल अजून पाळण्यातच?"

"पाळण्यातच राहिलं असतं तर बरं होतं," आई ओट्याजवळून म्हणाली. "उलट उत्तरं तरी दिली नसती."

मुंगीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने बाबांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि उजवीकडच्या तीन क्षला कंस घातला: तीन गुणिले, कंसात क्ष अधिक सहा. मग पाच क्ष अधिक सहा बरोबर तीन क्ष अधिक अठरा. दोन क्ष बरोबर बारा. मूल सहा वर्षांचं, आई तीस. सहा वर्षांनी बारा आणि छत्तीस. तिप्पट.

"आणि एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "वजा आलं की समजायचं, मांडणी चुकली. वय कधी वजा नसतं."

बाबांनी मान हलवली आणि तो नियम पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून त्याला चौकट केली. वर्गात मुंगीला कुणी इतकं गंभीरपणे घेत नसे. तिला ते आवडलं, आणि थोडं अवघडही वाटलं.

बाबांना घरी येऊन तीन महिने झाले होते. त्याआधी आठ वर्षं ते दूरच्या एका देशात, तेलाच्या टाक्यांच्या आवारात पंप बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करत होते. दर दोन वर्षांनी एक महिना सुट्टी मिळे. ते गेले तेव्हा मुंगी चार वर्षांची होती. "मुंगी" हे नाव त्यांनीच तेव्हा ठेवलेलं. आता ती आईच्या खांद्यापर्यंत आली होती, पण बाबांनी येताना तिच्यासाठी आणलेल्या चपलांत तिच्या टाचा अर्ध्या बाहेर राहिल्या. त्यांनी त्या चपला हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिल्या, जणू दुकानदाराने चुकीचा माल बांधून दिला होता.

करार संपला होता. नवा, तीन वर्षांचा करार तयार होता. एजंट पुढच्या शुक्रवारी सकाळी पासपोर्ट न्यायला येणार होता, आणि एकदा पासपोर्ट गेला की आठवड्याच्या आत माणूसही जायचा.

पण त्याच शुक्रवारनंतरच्या रविवारी गावच्या पाणीपुरवठा विभागात पंपचालकाच्या जागांसाठी परीक्षा होती. अर्ज आईने भरून ठेवला होता. पंपांबद्दलचे प्रश्न बाबांनी झोपेत सोडवले असते. अडचण होती ती अंकगणिताची. वीस प्रश्न, त्यातले दहा बरोबर यायलाच हवेत. नाही आले तर बाकीची उत्तरपत्रिका कुणी उघडूनही बघत नाही. आणि पुढच्या वर्षी बाबा या परीक्षेच्या वयोमर्यादेत बसणार नव्हते. जुन्या प्रश्नपत्रिका मुंगीने चाळल्या होत्या. दरवर्षी चार-पाच प्रश्न वयांचे. वडील मुलाच्या इतके पट, इतक्या वर्षांनी तितके पट. आणि बाबा नेमके तिथेच अडकत. शेकडेवारीत चुकायचे तेव्हा दर वेळी वेगळं काहीतरी चुकायचं. वयांमध्ये मात्र एकच चूक पुन्हा पुन्हा. मोठ्याला वर्षं द्यायची, लहान आहे तिथेच.

रात्रीच्या जेवणाला ताटं मांडताना बाबांनी विषय काढला.

"गुरुवारी संध्याकाळी मुंगी माझा एक पेपर घेईल. खऱ्यासारखा, वीस प्रश्नांचा. दहा आले तर एजंटला नाही म्हणतो. नाही आले तर शुक्रवारी पासपोर्ट देऊन टाकतो."

"अहो, बारा वर्षांच्या पोरीवर टाकताय हे?" आई म्हणाली.

"पोरीवर नाही. माझ्यावर."

"आणि रविवारची परीक्षा?"

"गुरुवारी दहा येत नसतील तर रविवारी कुठून येणार? आशेवर तीन वर्षांचा पगार सोडता येत नाही."

आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाला एक काच लावायची, मग दुसरी, आणि विचारायची: ही बरी की ती बरी? घरीही तिचा तोच स्वभाव होता. तिने थोडा वेळ बाबांकडे पाहिलं, मग मुंगीकडे. "पेपर नीट काढ," एवढंच म्हणाली. "सोपा काढून उपयोग नाही."

मुंगीला नेमकं काय हवंय ते तिलाच ठाऊक नव्हतं. आठ वर्षं ती आणि आई दोघींचं घर होतं आणि ते बरं चाललं होतं. आता बाबा तिच्या अभ्यासाच्या खुर्चीत बसायचे, नळाचे वॉशर कुणी न सांगता बदलायचे, आणि ज्या मैत्रिणीशी तिचं दोन वर्षांपूर्वीच बिनसलं होतं ती कशी आहे म्हणून विचारायचे. पण परवा ते अर्धा दिवस बाहेर गेले होते, तेव्हा संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की ती तीनदा दाराशी जाऊन आली होती.

बुधवारी मामा आला. मामा बँकेत होता आणि आपण पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झालो हे सांगण्याची एकही संधी सोडत नसे.

"दाजी, क्ष-बिक्ष सोडा," त्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत सुरुवात केली. "परीक्षेत एवढा वेळ नसतो. युक्ती सांगतो. तुमच्या वहीतलं हेच गणित घ्या. आज पाचास एक, सहा वर्षांनी तीनास एक. दोन्हींतला फरक बघा. पाचातून एक गेला, चार. तीनातून एक गेला, दोन. फरक सारखा करून घ्यायचा. दुसऱ्याला दोनाने गुणा. तीनास एकचं झालं सहास दोन. आता पाचाचे सहा झाले, एकाचे दोन झाले. दोघंही एकेक भाग पुढे गेले. तो एक भाग म्हणजे सहा वर्षं. मूल एक भाग, सहा. आई पाच भाग, तीस. झालं."

बाबांना हे एकदम पसंत पडलं. "हे बरं आहे रे. भागांचं काम. नटबोल्टसारखं."

"मग हे सोडवा. आज वडील चौपट, चार वर्षांनी तिप्पट."

बाबांनी लिहिलं: चारास एक, तीनास एक. थोडा विचार केला. "मुलाचा एकाचा एकच राहिला. वडील चारावरून तीनावर आले. एक भाग म्हणजे चार वर्षं. म्हणजे..." ते थांबले. "वडील चार वर्षांनी लहान झाले."

मामा खुर्चीत मागे रेलून हसला. "दाजी, ही गोळी कुठे मिळते ते सांगा. मलाही हवीय."

"ताईला आधी दे," बाबा म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

आई हसली नाही. "तूच आधी समजावून सांग ना नीट. युक्ती सांगितलीस, का ते सांगितलंस का?"

"का म्हणजे? तशीच पद्धत आहे."

"फरक सारखा का करायचा?" मुंगीने विचारलं.

मामाने खांदे उडवले. "नाही केला तर उत्तर येत नाही."

त्याने पुढची पायरी करून दाखवली. फरक तीन आणि दोन, दोघांना सहावर आणायचं, आठास दोन आणि नऊस तीन, एक भाग चार वर्षं, मूल आठ, वडील बत्तीस. सगळं बरोबर होतं. बाबांनी ते उतरवून घेतलं. पण ते ज्या तऱ्हेने उतरवत होते त्यावरून मुंगीला कळलं की उद्या प्रश्नातले आकडे बदलले तर वडील पुन्हा लहान होणार.

गुरुवारी शाळेतून येताना तिच्या डोक्यात तेच चाललं होतं. फरक सारखा का करायचा? उत्तर तिला ठाऊक होतं. फरक बदलतच नाही म्हणून. मी जन्मले तेव्हा बाबा चोवीस वर्षांचे होते, आणि आम्ही दोघं कितीही मोठे झालो तरी मध्ये चोवीसच राहणार. हे माहीत असणं वेगळं, आणि बाबांच्या हाताला ते कळणं वेगळं. बाबांचं डोकं हातांत होतं. पंप उघडून बसले की ते कुणाला काही विचारत नसत.

घरी आल्यावर तिने नव्या वहीच्या मागचा जाड पुठ्ठा कापला. बरोबर चोवीस सेंटिमीटर लांब पट्टी. डाव्या टोकावर "मी" लिहिलं, उजव्या टोकावर "बाबा". आईच्या शिवणाच्या डब्यातली मोजायची टेप काढून टेबलावर सरळ पसरली आणि दोन्ही टोकांवर एकेक वाटी ठेवली.

"एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष," ती बाबांना म्हणाली. "पट्टी टेपवर ठेवा. माझं टोक बारावर."

बाबांनी ठेवलं. त्यांचं टोक छत्तीसवर आलं.

"किती पट?"

"तिप्पट."

"आता दोन वर्षं पुढे जायचं. फक्त तुम्ही जा."

बाबांनी उजवं टोक पुढे ढकललं. अर्थातच डावंही सरकलं. त्यांनी डावं टोक बोटाने दाबून धरलं आणि पुन्हा ढकललं, तेव्हा पट्टी मधोमध वर उचलली गेली. त्यांनी हात काढला. पट्टी पुन्हा सपाट झाली.

"बघा," मुंगी म्हणाली. "एकट्याला जाताच येत नाही."

बाबांनी पट्टीच्या दोन्ही टोकांना बोटं लावली. त्यांनी पट्टी हळूहळू मागे घ्यायला सुरुवात केली. मुंगीचं टोक आठवर, त्यांचं बत्तीसवर. "चौपट." सहावर. "तीस. पाचपट." चारवर आणून ते थांबले. "अठ्ठावीस. सातपट. हा मी गेलो तेव्हाचा."

"आता पुन्हा पुढे न्या."

त्यांनी अंगठ्याने पट्टी चारवरून बारावर नेली. एका सरकवण्यात. मग पुन्हा मागे घेतली आणि पुन्हा पुढे नेली, या वेळी सावकाश, दर वर्षाला थांबत. मुंगीला ते काय बघतायत ते नीट कळलं नाही. तिला दुसरंच काहीतरी दिसलं आणि ती उत्साहाने सांगू लागली.

"गंमत बघा. चारपासून बारापर्यंत सातपटचं तिप्पट झालं. आठच वर्षांत. पण आता तिप्पटचं दुप्पट व्हायला बारा वर्षं लागणार. मी चोवीस, तुम्ही अठ्ठेचाळीस. आणि दुप्पटचं दीडपट व्हायला आणखी चोवीस. आधी पट भराभर उतरते, मग उतरता उतरत नाही. आणि एकास एक तर कधीच नाही."

"म्हणजे उताराचा भाग झाला," बाबा म्हणाले.

"हो. जास्तीत जास्त उतार तुम्ही नव्हतात तेव्हाच झाला."

ती हे अगदी सहज बोलली, आलेखाबद्दल बोलावं तसं. आई ओट्याशी भाजी चिरत होती. तिचा हात थांबला. बाबांनी पट्टीवरची धूळ पुसली, तिथे धूळ नसतानाही.

"पण चोवीस होतेच," मुंगीने थोड्या वेळाने म्हटलं. "तिकडे होतात तेव्हाही. पट्टी तेवढीच."

"हो," बाबा म्हणाले. "तेवढीच." मग पट्टी बाजूला ठेवून, "चल, पेपर दे."

पेपर तिने दुपारीच काढायला घेतला होता. पंधरा प्रश्न जुन्या पेपरांतले, आकडे बदलून. वयांचे पाच मात्र तिने स्वतः रचले, कारण जुनी वयं बाबांना पाठ झाली होती. त्यातले चार तिने सोडवून पाहिले होते. शेवटचा, विसावा, घाईत लिहिला: वडील छत्तीस वर्षांचे, मुलगी बारा वर्षांची. किती वर्षांनी वडिलांचं वय मुलीच्या वयाच्या चौपट होईल?

बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. आईने रेडिओ बंद केला. मुंगी जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि आपला इतिहासाचा धडा उघडून त्याच्या एकाच ओळीवर नजर ठेवून राहिली. बाबा मध्येच ओठ हलवत. मध्येच डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर एका ठरावीक अंतराने टेकवून ती तशीच उजवीकडे सरकवत. शेवटी शेवटी त्यांनी काहीतरी लिहून जोरात खोडलं, आणि बराच वेळ पेन्सिल उचललीच नाही. मग पुन्हा लिहिलं.

"झालं," वेळ संपायच्या थोडं आधी ते म्हणाले, आणि कागद देऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मुंगीने लाल पेन घेतलं. शेकडेवारीतली चार चुकली होती. काम आणि वेळ, दोन्ही चुकलेली. आगगाडी आणि बोगदा, बोगद्याची लांबी धरलीच नाही. दुधात पाणी, उलटं. एका व्याजाच्या गणितात सगळं बरोबर करून शेवटची वजाबाकी चुकवली होती, तिथे ती दोन वेळा थांबली आणि मग फुली मारली. आई मागे येऊन उभी राहिली.

वयांची चार गणितं तपासताना तिचा हात हलका झाला. एक चुकलं होतं, पण जुन्या चुकीने नाही. तीनही बरोबर गणितांत दोघांना वर्षं दिली होती. एका ठिकाणी तर बाबांनी मामाची युक्तीही वापरली होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: फरक सारखा, कारण पट्टी एकच.

एकोणीस प्रश्न झाले. बरोबर नऊ.

"किती?" आईने हळूच विचारलं.

"एक राहिलाय."

तपासण्याआधी तिने विसावा प्रश्न स्वतः सोडवायला घेतला, आणि दुसरी ओळ लिहून झाल्यावर पहिली पुन्हा वाचली. छत्तीस अधिक क्ष बरोबर चार गुणिले, कंसात बारा अधिक क्ष. छत्तीस अधिक क्ष बरोबर अठ्ठेचाळीस अधिक चार क्ष. तीन क्ष बरोबर वजा बारा. क्ष बरोबर वजा चार.

वजा. म्हणजे मांडणी चुकली. पण मांडणी तिने पुन्हा तपासली, ती बरोबर होती. मग प्रश्नच चुकला. मघाशी बाबांना सांगत होती की पट उतरत जाते, आणि स्वतःच तिप्पट असलेल्या माणसाला पुढे चौपट व्हायला सांगितलं होतं.

आता काय करायचं? मामा नेहमी सांगायचा, पेपरातला प्रश्नच चुकला तर सगळ्यांना गुण देतात. मग बाबांचे दहा होत होते. पण ते दहा बाबांनी मिळवलेले नव्हते, ते तिच्या चुकीचे होते. आणि प्रश्न रद्द केला तर एकोणीसपैकी नऊ, म्हणजे निम्म्याहून कमी. लाल पेन कागदापासून बोटभर अंतरावर ठेवून ती तशीच बसली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की तिला काय हवंय ते तिला ठाऊक आहे. आणि नेमकं त्यामुळेच तिला हा गुण असा द्यायचा नव्हता.

मग तिने बाबांनी काय लिहिलंय ते पाहिलं.

मांडणी तीच होती, कंसासकट. खाली क्ष बरोबर वजा चार. त्याच्यावर काट मारलेली. काटेखाली तेच पुन्हा लिहिलेलं, क्ष बरोबर वजा चार, आणि या वेळी खोडलेलं नव्हतं. त्याखाली शब्दांत: "पुढे कधीच होणार नाही. चार वर्षांपूर्वी होऊन गेलं. तेव्हा वडील ३२, मुलगी ८."

मुंगी कागद घेऊन गॅलरीत गेली.

"बाबा, वजा आलं की मांडणी चुकली असं मी सांगितलं होतं. चौकटीत लिहून घेतलंत तुम्ही."

"म्हणून तर आधी खोडलं."

"मग पुन्हा का लिहिलंत?"

"पुन्हा तपासलं. दोघांना वर्षं दिली होती, कंस होता, कुठे चूक दिसेना. मग पट्टी मनातल्या मनात पुढे सरकवली. पुढे जाऊन पट कमीच होते. चौपट मिळेना. मग मागे नेली, तर आठ आणि बत्तीसवर मिळाली." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू म्हणालीस वय वजा नसतं. ते खरंच आहे. पण इथे वय कुठे वजा आलंय? वजा आलीत ती वर्षं. किती वर्षांनी म्हणून विचारलं होतंस. वजा चार वर्षांनी म्हणजे चार वर्षं मागे. एवढंच."

मुंगीने कागदाकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. प्रश्न चुकलेला नव्हता. तिचा नियमच अर्धवट होता. मूल वजा तीन वर्षांचं येतं ते वेगळं, आणि काळ मागे जातो ते वेगळं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिने बाबांना शिकवलेलं नव्हतं.

"चार वर्षांपूर्वी तुम्ही आला होतात ना?" तिने विचारलं.

"महिनाभर. त्यातले दहा दिवस तू गालगुंडाने अंथरुणात होतीस. कुणाशी बोलायची नाहीस. मला वाटायचं, माझ्यावर रुसलीस."

"गाल दुखायचे."

"आता कळतंय."

तिने गॅलरीच्या कठड्यावर कागद टेकवला, विसाव्या प्रश्नासमोर बरोबरची खूण केली आणि वर लिहिलं: दहा.

आई दारात उभी होती. तिने कागद घेतला, चष्मा वर सरकवला आणि विसाव्या उत्तरावरून दोनदा नजर फिरवली. "दया म्हणून नाही ना दिलास?"

"नाही. व्याजाचं बघ. तिथे शेवटची वजाबाकी चुकली तरी दिला नाही."

आईने व्याजाचं पाहिलं. "हो, इथे तर मीसुद्धा दिला असता," ती म्हणाली. मग बाबांकडे वळली. "दहा म्हणजे अगदी काठावर आहे हं. रविवारी एक इकडचा तिकडे झाला तर नोकरी नाही आणि करारही नाही."

"ठाऊक आहे."

"मग?"

बाबांनी कठड्यावरून खाली पाहिलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी ओरडून दिशा सांगत होतं. "दहा आले तर नाही म्हणेन, असं बोललो होतो," ते म्हणाले. "दहा आलेत. नाहीच झालं रविवारी, तर या गावात पंप काही कमी नाहीत. बिघडतातही भरपूर."

"बरं," आई म्हणाली. कागद परत देत, "तसं मी दुकानातही विचारून ठेवलंय, जादा पाळीचं." हे तिने आधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मुंगी बुटाच्या नाड्या बांधत होती तेव्हा एजंट आला. हसतमुख, घामाघूम, काखेत चामडी बॅग. बाबांनी त्याला पाणी दिलं आणि नाही म्हणून सांगितलं.

"इकडे नोकरी लागली का?" त्याने विचारलं.

"रविवारी परीक्षा आहे."

"म्हणजे अजून परीक्षाही नाही झाली?" एजंटने ग्लास खाली ठेवला. "साहेब, निकाल लागेपर्यंत तरी थांबा, असं म्हणतात लोक मला. तुम्ही आधीच दार लावताय."

"तुम्ही थांबाल?"

"नाही. माझ्याकडे दुसरा माणूस आहे."

"मग त्याला पाठवा. चांगला फिटर असेल तर तिसऱ्या टाकीच्या पंपाचं सील बघून घे म्हणावं. ते दर पावसाळ्याला गळतं."

एजंटने खरंच ते लिहून घेतलं. जाताना त्याने मुंगीकडे बघून विचारलं, "ही तुमची? मला वाटलं लहान मुलगी आहे तुम्हाला."

"बारा वर्षांची आहे," बाबा म्हणाले.

तो गेल्यावर ते टेबलाशी बसले आणि कालचा कागद समोर ओढला. मुंगीला शाळेला उशीर होत होता, तरी ती दाराशी रेंगाळली.

"बोगद्याची लांबी का धरायची?" त्यांनी विचारलं. "गाडी बोगद्यात शिरली की शिरली ना?"

"शिरली, पण बाहेर कुठे आलीय? शेवटचा डबा आतच आहे." तिने दप्तर खाली ठेवलं आणि त्यांच्या बाजूला खुर्ची ओढली. "बघा, इंजिन इथे आहे समजा."

"अगं, शाळा," आई आतून म्हणाली.

"एक मिनिट," दोघंही एकदम म्हणाले, आणि बाबांनी बोगदा काढायला घेतला.